दोन की तीन

त्या दिवशी संध्याकाळी पाच-सव्वापाचला फोन आला तेव्हा मी विश्रामबागेतल्या घरी चहा गाळत होते. फोनवर अण्णा. अण्णा म्हणजे माझ्या वर्गमैत्रिणीचे सासरे, कुपवाड एमआयडीसीत त्यांची फाउंड्री आहे, माणूस मोठ्या आवाजात बोलणारा, पण त्या दिवशी आवाज बसलेला. "ताई, भट्टीवर अपघात झालाय. मॅनेजरनं एक पत्रक लिहिलंय, पत्रकारांचे फोन यायलेत, जरा भाषा नीट करून द्या की." मी आधी सांगलीतल्या एका पेपरात उपसंपादक होते, आता घरी बसून माहितीपत्रकं, अनुवाद असली कामं करते, त्यामुळं लोकांना वाटतं भाषा नीट करणं म्हणजे ऱ्हस्व-दीर्घ बघणं. मलाही गाडी काढेपर्यंत तसंच वाटलं होतं, अर्ध्या तासाचं काम.

मॅनेजरनं लिहिलेलं पत्रक असं होतं. मी ते जपून ठेवलंय, कंपनीचं नाव काढून देते:

"आज आमच्या कारखान्यात एक किरकोळ दुर्घटना घडली. प्राथमिक अंदाजानुसार कामगाराच्या अनवधानाने ओले स्क्रॅप भट्टीत गेल्याने हा प्रकार घडल्याचे समजते. आमचे दोन कर्मचारी जखमी झाले असून त्यांची प्रकृती स्थिर आहे. परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात आहे. सुरक्षेला आम्ही नेहमीच सर्वोच्च प्राधान्य देत आलो आहोत. जखमींना सर्वतोपरी मदत करण्यात येईल. नागरिकांनी अफवांवर विश्वास ठेवू नये."

वाचायला एकदम पत्रकासारखं पत्रक. मी पेपरात असताना असली शंभर छापली असतील, बऱ्याचदा एक ओळही न बदलता. पण तिथं ऑफिसात बसल्यावर, बाहेर पोरं अंगावरची काजळी न धुता भिंतीला टेकून बसलेली दिसत असताना, ह्यातल्या एकेका वाक्याला विचारायला लागले की बाबा तू कुठून आलास, तर सातपैकी सरळ उत्तर एकाही वाक्याला देता येईना.

मी मॅनेजरला म्हटलं, आधी कागद घेऊ. एका बाजूला आपण स्वतः पाहिलेलं किंवा कुठंतरी नोंद असलेलं, मधे कुणीतरी सांगितलेलं, आणि तिसऱ्या बाजूला आपल्याला वाटतंय ते. तो म्हणाला, "मॅडम वेळ नाही हो एवढा." वेळ नव्हताच, खरंय. एमआयडीसीच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर तोवर "सहा जण गेले" असं फिरायला लागलं होतं. पण कागदावर उतरवायला वीस-पंचवीस मिनिटं लागली आणि त्यात जे निघालं ते बघून तो स्वतःच गप्प झाला.

वेळेचीच गंमत बघा. गेटवरच्या वहीत ॲम्ब्युलन्स आत आल्याची नोंद होती 3.50 ची, आणि सीसीटीव्हीवर मेटल उडताना दिसतंय ते 3.52 ला. म्हणजे अपघाताआधी ॲम्ब्युलन्स आली! कॅमेऱ्याचं घड्याळ पुढं होतं, किती पुढं ते कुणालाच माहीत नव्हतं. मोबाईल शेजारी धरून तपासलं तर अकरा मिनिटं. म्हणजे 3.41. तरीही मी 3.41 लिहिलं नाही, "पावणेचारच्या सुमारास" लिहिलं, कारण घड्याळाची चूक आम्ही काढलेली, उद्या निरीक्षक वेगळी काढतील, आणि मिनिटावर मिनिट चुकलं की बाकीचं सगळं पत्रक खोटं ठरवायला लोक मोकळे.

मग माणसं. त्या वेळी भट्टीच्या शेडमध्ये किती जण होते ह्याचं उत्तर मस्टरप्रमाणं अकरा. पण मस्टर कंपनीच्या माणसांचं. ठेकेदाराच्या पोरांची यादी वेगळी, ती त्याच्या मुकादमाच्या खिशात, तीन नावं. अकरा आणि तीन चौदा. चौदापैकी एक पोरगा सापडेना. अर्धा तास नुसती धावपळ, कुणी म्हणे ढिगाऱ्याकडं बघा (ढिगारा नव्हताच कुठं), आणि शेवटी तो घरी मिळाला, घाबरून गाडी काढून सरळ बुधगावला गेला होता. ती मोजणी पुरी होईपर्यंत मी आकड्याचं वाक्य लिहिलंच नाही. जखमी किती, हे सांगायच्या आधी सगळे मिळून किती होते आणि प्रत्येकाचा पत्ता लागला का, हे कळायला लागतं, नाहीतर तो आकडा म्हणजे आत्तापर्यंत दवाखान्यात दिसलेल्यांची संख्या, बाकी काही नाही.

आणि तिथंच ते "दोन" अडकलं.

जखमी तीन होते. दोघं कंपनीचे, तिसरा ठेकेदाराचा. मॅनेजरचं म्हणणं, मी खोटं कुठं लिहिलंय, "आमचे दोन कर्मचारी" असंच लिहिलंय, तिसऱ्याचं ठेकेदार बघेल. त्याच्या मनात लबाडी होती असं मला वाटत नाही, रोजचा हिशेबच तसा, पगाराच्या शीटवर तो पोरगा नसतो तर जखमींच्या आकड्यात कसा येणार. पण वाचणारा काय समजणार? दोन जखमी, संपलं. खरं वाक्य वापरून खोटं चित्र उभं करायचं ते असं, आणि ते दुसऱ्या दिवशी सकाळी पेपरात "कंपनी म्हणते दोन, दवाखाना म्हणतो तीन" असं येणार हे मला उपसंपादकाच्या खुर्चीवरून स्पष्ट दिसत होतं. वकीलसाहेब तोवर आले होते, ते मात्र माझ्या बाजूनं बोलले. म्हणाले, नुकसानभरपाईच्या 1923 च्या कायद्यात, जो तेव्हा लागू होता, कलम 12 आहे, ठेकेदाराचा माणूस मालकाच्या धंद्याचं काम करताना जखमी झाला तर मूळ मालकाला हात झटकता येत नाहीत, त्यानं भरायचं आणि मग ठेकेदाराकडून वसूल करायचं. अण्णा एवढंच म्हणाले, "तीन लिहा. तिघंबी माझ्या शेडखालीच हुते की."

"किरकोळ" खोडायला भांडावं लागलं नाही. भाजलेल्या माणसाच्या घरच्यांनी तो शब्द वाचायचाय एवढं म्हटल्यावर मॅनेजरनंच पेन मारला.

"प्रकृती स्थिर" ला मात्र वेळ लागला. सगळ्यांना ते हवं होतं, अण्णांना तर फारच, आणि का ते समजतं, ते वाक्य दुसऱ्यांसाठी कमी आणि स्वतःसाठी जास्त असतं. मी मिरजेला दवाखान्यात थांबलेल्या सुपरवायझरला फोन लावला. डॉक्टर नक्की काय म्हणाले? तो म्हणाला, स्थिर हाय म्हणाले. शब्दशः काय म्हणाले? थोडा थांबला. "म्हणाले, दोघं बोलायलेत, तिसऱ्याचं भाजणं जास्त हाय, पहिलं 48 तास बघू." भाजल्याच्या केसमध्ये पहिल्या दोन-तीन दिवसांत शरीरातलं पाणी कमी होणं, नंतर जंतुसंसर्ग, ह्यानं चांगला बोलणारा माणूसही खाली जाऊ शकतो, म्हणून डॉक्टर हातचं राखून बोलतात, आणि त्यातलं "बघू" गळून जाऊन कंपनीच्या ऑफिसात पोचेपर्यंत "स्थिर" होतं. शिवाय कुणाचं किती टक्के भाजलंय हे घरच्यांना विचारल्याशिवाय गावाला सांगायचा आपल्याला अधिकार काय? मी लिहिलं, तिघांवर उपचार सुरू आहेत, त्यांच्या प्रकृतीबद्दल डॉक्टर आणि त्यांचे कुटुंबीयच सांगतील. आणि पुढं वेळ टाकली, संध्याकाळी साडेसहापर्यंतची माहिती.

ही वेळ टाकायची सवय मला पेपरानं नाही, पुरानं लावली. 2019 च्या ऑगस्टमध्ये सांगलीत जे होते त्यांना आठवत असेल, "परिस्थिती नियंत्रणात आहे" असल्या मेसेजवर कुणी थांबत नव्हतं, लोक विचारायचे एकच, आयर्विन पुलाला पाणी किती फूट, आणि किती वाजताचं? फूट आणि वाजले हे दोन्ही असलं तर माणूस त्यावर ठरवू शकत होता, सामान माळ्यावर टाकायचं की घर सोडायचं. आकडा वाईट असला तरी चालायचा. वेळ नसलेला चांगला आकडा कामाचा नव्हता. म्हणून "कोणीही दगावलेले नाही" असंही मी लिहू दिलं नाही, ते त्या क्षणाला खरं होतं तरी. पत्रक मोबाईलवर रात्रभर फिरत राहतं, आणि पहाटे काही वाईट झालं तर तेच वाक्य सकाळी कुणाच्या तरी दारात खोटं होऊन उभं राहतं. "सहा जण गेले" ला उत्तर म्हणून सहा हा आकडाही पत्रकात घेतला नाही. चौदा होते, चौदांचा पत्ता लागला, तीन उपचार घेतायत, अफवेला एवढं बास.

आता मुख्य गोष्ट, ओलं स्क्रॅप.

फाउंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा, भट्टीतून मेटल उडालं म्हटलं की पहिलं उत्तर हेच येतं. बिडाचा रस 1400-1500 डिग्रीला असतो, त्याच्या पोटात थोडंसं पाणी जरी गेलं तरी त्याची वाफ क्षणात सोळाशे-सतराशे पट जागा मागते आणि वरचा रस कारंज्यासारखा बाहेर फेकते. त्यामुळं अंदाज मूर्खपणाचा नव्हता. पण तसंच दोन्ही तोंडं बंद असलेला पाइपचा तुकडा स्क्रॅपमध्ये आला तरी होतं, आत हवा आणि ओल कोंडलेली असते. वर थंड मालाचा थर जमून खाली पोकळी झाली, ज्याला पोरं पूल बसला म्हणतात, आणि तो अचानक कोसळला तरी होतं. भट्टीचं आतलं लायनिंग झिजून भोवतीच्या कॉइलमध्ये फिरणाऱ्या पाण्यापर्यंत रस गेला तर त्याहून वाईट होतं. ह्यातलं काय झालं हे त्या संध्याकाळी कुणालाच ठाऊक नव्हतं, भट्टी अजून लाल होती, आत बघणंच शक्य नव्हतं. आणि ह्या प्रत्येक कारणाला जबाबदार माणूस वेगळा, एकात भट्टीत माल टाकणारा पोरगा, दुसऱ्यात स्क्रॅपचा व्यापारी, तिसऱ्यात भट्टी चालवणारा, चौथ्यात लायनिंग कधी बदलायचं हे ठरवणारा मॅनेजर. आता बघा, चारांपैकी पत्रकात कोण आला होता? जो दवाखान्यात पडलाय, ज्याला उत्तर देता येत नाही तो.

मॅनेजर म्हणाला "अंदाजानुसार" लिहिलंय की. पण वाचणारा अंदाज टाकून देतो आणि कारण उचलतो. पेपरात मथळा करताना आम्हीही तेच करायचो, "कामगाराच्या चुकीमुळे" पुढं एक प्रश्नचिन्ह टाकलं की झालं. वकीलसाहेबांनाही कारण नको होतं, त्यांचं कारण वेगळं, आज लेखी दिलेलं उद्या कोर्टात समोर येतं. ते कंपनीला वाचवत होते, मी म्हटलं तर त्या पोराला, पण पेन दोघांचं एकाच ओळीवर पडलं.

ओळ खोडून काम संपलं असं वाटलं तर ते नव्हतं, कारण पुढं काय झालं हे सांगायलाही क्रियापद लागतं आणि क्रियापदात कारण लपून बसतं. पोरं म्हणत होती "भट्टी फुटली", तसं लिहिलं तर भट्टीत दोष. "स्फोट झाला" लिहिलं तर लोक गॅस, सिलिंडर, काय काय धरतात. "रस सांडला" म्हटलं तर कुणीतरी सांडला. कॅमेऱ्यात दिसत होतं एवढंच, की भट्टीच्या तोंडातून वितळलेला धातू बाहेर उडाला. तेच लिहिलं. दिसलं तेवढंच क्रियापद.

वकीलसाहेबांशी खटका उडाला तो वेगळ्याच शब्दावर. मी "आम्हाला ह्याचं फार दुःख आहे" लिहिलं होतं, ते म्हणाले ही कबुली होते, "दुर्दैवी घटना" करा. मी म्हटलं, "आमची चूक झाली" ही कबुली, दुःख होणं ही कबुली कशी? शेजाऱ्याच्या घरी मयत झाली तर आपण दुःख व्यक्त करतो, म्हणजे आपण मारलं का? आणि "दुर्दैवी" म्हणजे चौकशीआधीच दैवावर ढकलून मोकळं होणं, तोही एक अंदाजच की. ते हसले, पण मानलं. "सुरक्षेला सर्वोच्च प्राधान्य" मात्र अण्णांनी स्वतः काढायला लावलं, म्हणाले आज ते वाचून माझीच पोरं हसतील.

राहिलं "सर्वतोपरी मदत". हे वाक्य मला कायम चिडवतं, त्यात करणारा नाही, रक्कम नाही, दिवस नाही. मी अण्णांना एकेक विचारलं. बिल कोण भरणार? कंपनी, आज डिपॉझिट भरलंय. तिसऱ्याचंही? हो, त्याचंही. घरच्यांसोबत कोण? सुपरवायझर, रात्री दुसरा माणूस जाणार. सुट्टीच्या दिवसांचा पगार? इथं अण्णा अडखळले, ईएसआयच्या विम्यातून काय मिळतं ते बघून सांगतो म्हणाले. मग मी ते लिहिलं नाही. जे ठरलं नाही ते चांगलं दिसतंय म्हणून लिहायचं नाही, ते वचन होतं आणि ते मागायला उद्या माणूस येतो. कारखाना निरीक्षकांना कळवलंय का? तेव्हा 1948 च्या कारखाना कायद्याचं कलम 88 होतं, 48 तास किंवा जास्त काम करता येणार नाही अशी इजा झाली तर कळवायचंच. मॅनेजर म्हणाला कळवणार आहे. मी म्हटलं "कळवणार आहे" आणि "कळवलं आहे" ह्यात मी मधे बसत नाही, आधी कळवा मग लिहिते. त्यानं समोरच फोन लावला, मेल टाकला, मग ते वाक्य भूतकाळात गेलं.

तिघांच्या घरी आधी फोन झाले, पत्रक नंतर. शेवटी बाहेर पडलं ते असं, सव्वासातला:

"आज दुपारी पावणेचारच्या सुमारास आमच्या कारखान्यात भट्टीतून वितळलेला धातू बाहेर उडून तीन कामगार भाजले. त्यांपैकी दोघे कंपनीचे व एक ठेकेदारामार्फत काम करणारे आहेत. आम्हाला याचे फार दुःख आहे. तिघांवर मिरजेत उपचार सुरू आहेत; त्यांच्या प्रकृतीबद्दल डॉक्टर व कुटुंबीयच सांगतील. त्या वेळी शेडमध्ये असलेल्या सर्व 14 जणांचा ठावठिकाणा कळला आहे. ही माहिती संध्याकाळी साडेसहापर्यंतची आहे.

हे कशामुळे झाले ते अद्याप कळलेले नाही. कारखाना निरीक्षक व पोलिसांना कळवले आहे. काम बंद ठेवले असून अपघाताची जागा आहे तशी ठेवली आहे. तिघांच्याही उपचारांचा खर्च कंपनी करत आहे व कंपनीचा माणूस दवाखान्यात कुटुंबीयांसोबत आहे. पुढील माहिती उद्या सकाळी 11 वाजता देऊ, नवीन काही नसले तरी तसे कळवू."

मी खुश होऊन भडंग खात बसले होते. नऊला मॅनेजरचा फोन. ग्रुपवर कुणीतरी फोटो टाकलाय, आमच्याच मशीन शॉपचे दिवे चालू, लेथ फिरतायत, वर लिहिलंय "काम बंद म्हणे, खोटारडे". आता झालं असं की भट्टीचं काम बंद होतं, पण कोपऱ्यापलीकडच्या मशीन शॉपची दुसरी पाळी चालू होती, आणि मी "काम बंद" लिहिताना कुठलं काम हे विचारलंच नव्हतं. एवढ्या सगळ्यांची वाक्यं तपासली आणि स्वतःचं तसंच सोडलं. मॅनेजर म्हणाला गुपचूप बदलून परत टाकू. मी म्हटलं नको, जुनं लोकांच्या फोनमध्ये आहे, दोन वेगळी पत्रकं फिरली तर संपलं. 9.10 ला दोन ओळी गेल्या: "दुरुस्ती. सव्वासातच्या पत्रकात 'काम बंद' असे म्हटले होते. भट्टीचा विभाग बंद आहे, मशीन शॉप चालू आहे. चूक आमची." अण्णांनी मग मशीन शॉपही सोडून दिलं त्या रात्रीपुरतं, पण ते पत्रकासाठी नाही, पोरांचं लक्षच नव्हतं कामात.

सकाळी अकराला सांगण्यासारखं काही नव्हतं. निरीक्षक यायचे होते, कारण कळलेलं नव्हतं, तिघं उपचार घेत होते. तेच लिहिलं, चार ओळी, पुढची वेळ दिली. एका पत्रकारानं फोन करून "ह्यात बातमी काय?" विचारलं. काही नाही म्हटलं. पुढं चौकशीत काय निघालं ते इथं लिहीत नाही, प्रकरण अजून संपलेलं नाही.

दुपारी मी मिरजेला गेले होते, अण्णांच्याच गाडीत. वॉर्डाबाहेर तिसऱ्या पोराचा थोरला भाऊ उभा होता, हातात मोबाईल, त्यावर आमचं पत्रक उघडलेलं, बोटानं मोठं केलेलं. मला म्हणाला, "ताई, हे तुम्ही लिवलंय नव्हं? खाली खिडकीवर म्हणत्यात तुमचा माणूस कंपनीच्या यादीत न्हाई. आन ठेकेदार फोन उचलंना झालाय. ह्यात तीन लिवलंय. हे मोबाईलवरचं चालंल काय त्यांस्नी, का कागदावर पायजे?"

अण्णांनी ड्रायव्हरला पाठवून समोरच्या झेरॉक्सवाल्याकडून तीन प्रती काढून आणल्या. गोल शिक्का त्यांच्या बॅगेत असतोच. पॅड सुकलेलं होतं, पहिल्या प्रतीवर नीट उठेना, म्हणून त्याच जागी परत मारला.